हयात माणसाच्या नावाने वनस्पती: चालतं का?

उद्यमनगर_लेथ
मंडळी, एक शंका आहे. आमच्या बॅचला वनस्पतिशास्त्र शिकवणारे सर पुढच्या वर्षी 75 पूर्ण करतात. बॅचमधला एकजण खरोखरचा झाडपाल्यातला माणूस झाला, बाकी आम्ही पोटापाण्याला लागलो. त्याला गगनबावड्याच्या बाजूला एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पावसाळ्यात एक गेंद मिळालाय. बारीक, पांढऱ्या बोंडाचा, वीतभरसुद्धा नाही. त्याचं म्हणणं, पुस्तकातल्या कुठल्याच वर्णनात हा बसत नाही, नवीन जात असावी.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अर्ध्या तासात ठरलं: सरांचं नाव द्यायचं, अमृतमहोत्सवाच्या कार्यक्रमात जाहीर करायचं, हॉल शाहू स्मारकचा. मी लेथवर आयुष्य काढलेला माणूस, मला यातलं काही कळत नाही. पण न्यूटन, व्होल्टा, ओहम, सगळी गेलेली माणसं. हयात माणसाचं नाव देता येतं का? आणि असं कार्यक्रमात जाहीर करून चालतं का? सरांना कुणकुण लागलीय. ते म्हणतात, "मी गेल्यावर काय घालायचा तो गोंधळ घाला."

मिसळ_रोज
सरांचा विषय हार्ड! हारतुऱ्याऐवजी गेंद. नाद खुळा.

निवृत्त_हेडमास्तर
जिवंत व्यक्तीचे नाव विज्ञानात देत नाहीत. तसा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मूलद्रव्याला एका हयात अमेरिकन शास्त्रज्ञाचे नाव द्यायचे घाटत होते, तेव्हा याच कारणाने ते नाकारले गेले. एककांचेही तसेच. न्यूटन, पास्कल, केल्विन, लिटर, सर्व दिवंगत शास्त्रज्ञ. तुमच्या सरांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे.

अनामिक_शाहूपुरी
महापालिकेत अर्ज द्या, ठराव करून घ्या. आमच्या कॉलनीच्या चौकाला नाव देताना नगरसेवकाचं पत्र लागलं होतं. हयात व्यक्तीला अडचण येते, आमचा अर्ज त्यावरच अडकला.

मिसळ_रोज
@अनामिक_शाहूपुरी काका, चौक नाही, गवत हाय.

बारीक_अक्षर
हेडमास्तर सर, तुमची गोष्ट निम्म्यावर थांबलीय. ते शास्त्रज्ञ म्हणजे ग्लेन सीबोर्ग. 106 क्रमांकाच्या मूलद्रव्याला शोधणाऱ्या अमेरिकन गटाने 1994 मध्ये 'सीबोर्गियम' नाव सुचवलं, तेव्हा सीबोर्ग चांगले हिंडते-फिरते होते. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या समितीने त्याच वर्षी म्हटलं, हयात माणसाचं नाव नको, इतिहासाच्या नजरेतून बघायला जरा काळ जाऊ द्या. आणि 106 ला रुदरफोर्डचं नाव सुचवलं. यावर अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ असे चवताळले की 1997 मध्ये समितीला माघार घ्यावी लागली. सीबोर्गियम कायम झालं. सीबोर्ग वारले 1999 मध्ये. म्हणजे स्वतःच्या नावाचं मूलद्रव्य आवर्तसारणीत बघून गेले. पुढे 2016 मध्ये 118 क्रमांकाचं ओगानेसन आलं, तेही हयात यूरी ओगानेसियन यांच्या नावाने. तेव्हा मात्र कुणी फार आरडाओरडा केला नाही. एकदा पायंडा पडला की पडला.

त्याआधीचं सांगायचं तर आइन्स्टाइनियम आणि फर्मियम ही नावं सुचली तेव्हा दोघेही जिवंत होते. पण ती मूलद्रव्यं हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीतून निघालेली, सगळं गुप्त. नावं जाहीर होईपर्यंत 1955 उजाडलं आणि दोघेही गेले होते.

राहिला लिटर. लिटर नावाचा शास्त्रज्ञ झालाच नाही :) एककाला माणसाचं नाव असेल तर त्याची खूण मोठ्या अक्षराची, नाहीतर लहान, अशी रीत आहे. लिटरचं लहान एल हे छापील 1 सारखं दिसतं, म्हणून मोठं एल वापरायची सोय हवी होती, पण रीत आडवी येत होती. 1978 मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या केनेथ वूलनर यांनी रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठी निघणाऱ्या पत्रिकेत क्लोद एमिल जाँ-बाप्तिस्त लित्र या फ्रेंच गृहस्थाचं खोटं चरित्र ठोकून दिलं. दारूच्या बाटल्या बनवणाऱ्या घराण्यातला वगैरे. एप्रिलच्या अंकात. गंमत होती, पण काही ठिकाणी खरं म्हणून पुढे छापून आलं. दुसऱ्या वर्षी मोठं एल अधिकृतपणे चालू झालं, ते अर्थात या लित्रसाहेबांमुळे नव्हे.

निवृत्त_हेडमास्तर
लिटरबाबत माहिती नवीन आहे. मी हे एका जुन्या मार्गदर्शकात वाचले होते. तथापि एककांना हयात व्यक्तीचे नाव नसते, हा मुद्दा राहतोच.

बारीक_अक्षर
बहुतेक वेळा, हो. पण 'क्युरी'चं बघा. किरणोत्साराचं ते एकक 1910 मध्ये ब्रुसेल्सच्या परिषदेत ठरलं. पिअर क्युरी 1906 मध्ये घोडागाडीखाली सापडून गेले होते, नाव त्यांच्या सन्मानार्थ असं म्हणतात. पण ज्या समितीने ठरवलं तीत मेरी क्युरी स्वतः होत्या. बाकीच्यांना एकक बारीक मात्रेचं हवं होतं, कारण प्रयोगशाळेत तेवढंच हाताळायला मिळायचं. बाईंनी आग्रहाने एक ग्रॅम रेडियमशी बांधून घेतलं. परिणाम असा की पुढे 65 वर्षं लोक मिलिक्युरी नि मायक्रोक्युरीतच हिशेब करत बसले. 1975 मध्ये त्या जागी बेकरेल आलं, ते इतकं बारीक की आता उलटं, मेगा नि गिगा लावावं लागतं. घरचं माणूस समितीत असलं की काय होतं, त्याचा हा नमुना.

पंचगंगेकाठचा
नावाचाच विषय आहे म्हणून विचारतो. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला एका वेबसाइटवरून तिच्या नावाने तारा घेतला होता. फ्रेममध्ये सर्टिफिकेट आहे, नकाशावर खूण आहे. मुलगी हयात आहे (हसू नका). मग ताऱ्याला चालतं आणि गवताला का चालू नये?

दुर्बीण_पुणे_व्हाया_कागल
@पंचगंगेकाठचा दादा, ते सर्टिफिकेट फ्रेममध्ये छान दिसत असेल, तिथेच राहू द्या. ताऱ्यांची नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो आणि तो विकत नाही. तुमच्या मुलीचं नाव त्या कंपनीच्या वहीत आहे, आकाशाच्या नाही.

लघुग्रहांना मात्र हयात माणसांची नावं सर्रास देतात. विश्वनाथन आनंद यांच्या नावाचा आहे, 4538 विशीआनंद. पंडित जसराज यांच्या नावाचा 2019 मध्ये झाला, तेव्हा पंडितजी होते. कक्षा पक्की होऊन लघुग्रहाला क्रमांक मिळाला की नाव सुचवायला शोधकर्त्याला 10 वर्षं मिळतात. राजकारणी आणि लष्करी माणसांना मात्र आडकाठी आहे: माणूस जाऊन 100 वर्षं व्हावी लागतात. चंद्रावरच्या विवरांना कुणाचंही नाव द्यायचं तर जाऊन तीन वर्षं तरी झालेली हवीत. म्हणजे एकाच संघटनेत दगडाला एक न्याय, विवराला दुसरा.

पंचगंगेकाठचा
बायकोला सांगणार नाही.

मिसळ_रोज
100 वर्षांचा नियम आपल्या फ्लेक्सवाल्यांना लावा कुणीतरी. दसरा चौक मोकळा होईल.

सडाफुली
उशिरा आले. मूळ प्रश्नाला धरून बोलते, कारण हेच माझं काम आहे.

लेथदादा, वनस्पतींच्या नावाच्या नियमावलीत माणूस हयात आहे की नाही याचा विचारच केलेला नाही. प्राण्यांच्या नियमावलीतही नाही. आपल्याकडचीच उदाहरणं घ्या. सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक वरद गिरी यांच्या नावाने दोन पाली आहेत, त्यांच्या कामाच्या भर काळात दिलेल्या. कोयनेकडच्या मांजऱ्या सापाला 2019 मध्ये तेजस ठाकरे यांचं नाव दिलं गेलं. कोळ्यांच्या एका जातीला सचिन तेंडुलकरचं नाव आहे. तेव्हा सर हयात आहेत ही अडचण नाही.

खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. 75 चा कार्यक्रम तारखेला बांधलेला असतो, जात तशी नसते. नाव जन्माला येतं ते शोधनिबंध रीतसर प्रसिद्ध होतो त्या दिवशी. त्याआधी शाहू स्मारकात जाहीर केलंत, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट छापून आलं, तरी शास्त्राच्या लेखी ते नाव नाहीच. वर्णन नाही, नमुना नेमलेला नाही, नुसतं नाव हवेत. उद्या दुसऱ्या कुणी तीच वनस्पती आधी रीतसर प्रसिद्ध केली तर त्याचं नाव चालेल, आणि सरांचं पेपरच्या कात्रणात राहील.

आणि गेंद! सगळं सोडून गेंद. हा फार फसवा वंश आहे. सड्यावर मातीचा थर बोटभर, तिथे जो गेंद दोन इंचांचा राहतो तोच शेजारच्या डबक्यात हातभर वाढतो. पाणी किती टिकलं त्यावर पानं, दांडा, बोंडाचा आकार सगळं हलतं. नुसत्या उंचीवर आणि बोंडाच्या रंगावर नवीन जात म्हणणारे बरेच झाले आणि त्यातली बरीच नावं नंतर जुन्या नावाखाली गेली. मित्राला विचारा: फुलं सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली का? नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, प्रत्येकाची निदलं किती, सुटी की जोडलेली, पाकळ्यांच्या टोकाला काळी ग्रंथी आहे की नाही? आणि बी बघितलं का? बियांच्या सालीवरची नक्षी हा गेंदात सगळ्यात भरवशाचा पुरावा. त्यासाठी पक्व बी लागतं, म्हणजे पावसाच्या शेवटी पुन्हा जावं लागतं.

उद्यमनगर_लेथ
ताई, मित्राला फोन केला. फुलं बघितलीत म्हणतो, फोटो आहेत. बी नाही. श्रावणात गेला होता, परत जमलं नाही.

सडाफुली
मग अजून ती नवी जात नाही, 'वेगळा दिसणारा गेंद' आहे. पुढचं सांगते, म्हणजे ग्रुपवर टाकता येईल.

ऑक्टोबरात बी आणायचं, आणि फक्त त्याच सड्यावरून नाही, तर आसपासच्या दोन-तीन सड्यांवरूनही. फरक सगळीकडे तसाच टिकतो का, की खोल डबक्याकडे जाता जाता ओळखीच्या जातीत विरघळतो, हे बघायचं. विरघळत असेल तर विषय तिथेच संपला. टिकत असेल तर ज्या जातींशी जवळीक वाटते त्यांचे मूळ नमुने बघायचे. पुस्तकातलं वर्णन नाही, मूळ नमुने, ज्यांवरून ती नावं दिली गेली. काही पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, काही कोलकात्याला, काही लंडनला क्यूमध्ये. बऱ्याच नमुन्यांचे फोटो आता ऑनलाइन मिळतात, पण गेंदाचं फूल फोटोत कळत नाही.

मग लिहायचं. वाळवलेल्यांपैकी एक मुख्य नमुना म्हणून नेमायचा आणि तो कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवला ते निबंधात लिहायचं. शिवाजी विद्यापीठाचं हर्बेरियम आहेच आपल्याकडे. जवळच्या जातीपेक्षा काय वेगळं, ते लॅटिन किंवा इंग्रजीत. मासिक ऑनलाइन असलं तरी 2012 पासून चालतं. परीक्षकांकडून येईपर्यंत किती दिवस जातील ते मासिकावर. पुढच्या वर्षीची तारीख मी तरी कुणाला देणार नाही.

दाजीपूर_गवा
सडाफुलीताईंशी बरंचसं सहमत, पण एक म्हणायचंय. आम्ही बेडूक-पालीवाले आता जनुकीय क्रम काढल्याशिवाय बोलत नाही. गेंदाचं पण डीएनए करा की. बियांची नक्षी नि ग्रंथी मोजत बसण्यापेक्षा एका झटक्यात कळेल.

सडाफुली
गवादादा, झटक्यात कळायला तुलनेसाठी बाकीच्या जातींचे क्रम हवेत, तेही बरोबर ओळखलेल्या नमुन्यांचे. सह्याद्रीतल्या कितीतरी गेंदांचे ते नाहीत. आणि ज्यांचे आहेत त्यांची ओळख कुणी केली? पुन्हा नक्षीवरच यायचं.

दाजीपूर_गवा
हे पटलं नाही पूर्ण. पण धागा सरांचा आहे, नंतर भांडू.

नाव द्यायचंच तर आमच्याकडचा एक संकेत सांगतो. ज्याचं नाव द्यायचं तो निबंधाचा लेखक नसावा. नियम नाही, पण स्वतःच्या नावाने स्वतःच जात काढली तर लोक हसतात. सर अजून सड्यावर फिरत असतील आणि मित्राबरोबर काम केलं असेल, तर आधी ठरवा: लेखक की नाव. दोन्ही नको.

उद्यमनगर_लेथ
हे महत्त्वाचं सांगितलंत. मित्र म्हणतो मूळ सडा सरांनीच दाखवला होता.

निवृत्त_हेडमास्तर
माझा एक प्रश्न राहतो. हयात व्यक्तीचे नाव दिले आणि पुढे त्या व्यक्तीच्या हातून काही गैर घडले तर? नाव काढून घेता येते का? दिवंगतांचे बरे, त्यांचा हिशेब पूर्ण झालेला असतो.

सडाफुली
सर, हा प्रश्न मोलाचा आहे, आणि उत्तर आहे 'सहसा नाही'. स्लोव्हेनियातल्या गुहांत एक आंधळा भुंगा आहे. ऑस्कर शायबेल नावाच्या संग्राहकाने 1937 मध्ये त्याला हिटलरचं नाव दिलं, हिटलर तेव्हा हयात. ते नाव आजही वैध आहे. वाईट म्हणजे नावामुळेच त्याला गिऱ्हाईक आहे, नाझी वस्तू जमवणारे पैसे मोजतात, म्हणून त्या बिचाऱ्या भुंग्याची चोरटी शिकार होते. प्राण्यांच्या नामकरण आयोगाने 2023 मध्ये स्पष्ट केलं की नैतिक कारणावरून जुनी नावं बदलायची नाहीत, कारण एकदा सुरू झालं की कुणाचं ठेवायचं नि कुणाचं काढायचं याला अंत नाही आणि नावांचं स्थैर्य जाईल.

वनस्पतीवाले थोडे पुढे गेले. 2024 मध्ये माद्रिदच्या परिषदेत आफ्रिकेतल्या लोकांना हिणवणारा 'कॅफ्रा' हा शब्द असलेली दोनशेहून जास्त नावं 'अ‍ॅफ्रा' अशी करायचं मतदानाने ठरलं. 2026 पासून प्रसिद्ध होणाऱ्या नव्या नावांत कुणाला हिणवणारं काही आलं तर त्यावर विचार करायची सोय केली. पण एखाद्या माणसाने पुढे दिवे लावले म्हणून त्याच्या नावाची जुनी वनस्पती बदलणे, हे नाही.

निवृत्त_हेडमास्तर
म्हणजे मूलद्रव्यवाल्या समितीचे 1994 चे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. नाव काढता येत नसेल तर थांबणेच शहाणपणाचे.

बारीक_अक्षर
मला नाही पटत. मूलद्रव्यं शंभरसव्वाशे, तिथे एक नाव म्हणजे एक जागा गेली. जाती लाखोंनी. आणि नाव देणाऱ्याला जो माणूस माहीत आहे, ज्याने प्रत्यक्ष सडा दाखवला, त्याचं नाव 50 वर्षांनी कोण देणार?

दाजीपूर_गवा
+1. थांबलं की उरतात ती फक्त मोठी नावं.

मिसळ_रोज
मोठ्या नावावरून आठवलं, ती विशाळगडची फुलं? महाराजांच्या नावाची?

सडाफुली
हो, सेरोपेजिया शिवरायियाना, 2023. कंदीलपुष्पांतली. विशाळगडावर मिळाली, आपल्याच भागातल्या अभ्यासकांनी प्रसिद्ध केली. तिथे बघण्यासारखं एक आहे: 'शिवरायांचा' असं षष्ठीचं रूप न करता 'शिवरायांशी निगडित' असं विशेषण केलंय. ज्याचा त्या वनस्पतीच्या शोधाशी थेट संबंध नाही, फक्त आदर आहे, त्याच्यासाठी विशेषणरूप वापरावं असा जुना संकेत आहे. सरांनी सडा दाखवला, तेव्हा त्यांना षष्ठी शोभेल.

उद्यमनगर_लेथ
सरांचं आडनाव पाटील धरा (खरं नाही सांगत). मग कसं होईल? ग्रुपवर चार जणांनी चार स्पेलिंगं टाकलीत.

सडाफुली
वनस्पतीत व्यंजनाने संपणाऱ्या आडनावाला पुरुष असेल तर शेवटी दोन आय लागतात. पाटील, जाधव, गायकवाड, सगळे दोन आय. स्वराने संपलं, म्हणजे भोसले, तर एकच. पाटीलबाई असत्या तर आय-ए-ई. वर्मा असते तर आणखी मजा, ए ने संपणाऱ्याला नुसता ई, त्यामुळे पुरुष असूनही नाव बाईचं वाटतं. प्राण्यांत साधारण एकच आय पुरतो. वनस्पतीत शेपूट चुकली तर नंतरचा कुणीही दुरुस्त करू शकतो, नाव रद्द होत नाही. तेव्हा त्यावर ग्रुपमध्ये भांडू नका.

दाजीपूर_गवा
आमच्याकडे चुकलेली शेपूट सुधारायची की तशीच ठेवायची यावर वेगळं रण आहे. पालीच्या जन्माआधीपासून चालू आहे, पाली संपल्या तरी चालू राहील.

अनामिक_शाहूपुरी
सगळं वाचलं. महापालिकेपेक्षा हे अवघड दिसतंय. आमचा अर्ज तरी अजून फाइलीत आहे.

उद्यमनगर_लेथ
काल आम्ही दोघं सरांकडे गेलो. म्हटलं लपवून काय उपयोग. सरांनी फोटो बघितले, चष्मा काढून पुन्हा बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "बी कुठाय?" सडाफुलीताई, तुमचाच आवाज आला कानात. नावाचं काढलं तर म्हणाले, "आधी जात आहे का बघा. नसली तर माझं नाव कुठल्यातरी जुन्या गेंदाखाली कंसात पडून राहील, त्यापेक्षा नको."

मग गाडी लेखक की नाव यावर आली. मित्राचं म्हणणं, सर लेखक व्हावेत, कामात त्यांचा हात आहे. ग्रुपचं म्हणणं नाव. सर दोन्हीला नाही म्हणतात, पण ऑक्टोबरात सड्यावर यायला तयार आहेत, गुडघे दुखतात तरी. कार्यक्रमात आता नाव जाहीर करायचं नाही एवढं नक्की. ग्रुपवर तीन जण नाराज, बॅनरचं डिझाइन झालं होतं.

मिसळ_रोज
बॅनर ठेवा. नाव आल्यावर तारीख तेवढी बदला.

सडाफुली
ऑक्टोबरात जाताना कागदी पाकिटं न्या, प्लॅस्टिक नको, बुरशी येते. प्रत्येक डबक्याचं बी वेगळ्या पाकिटात, वर जागा, तारीख आणि पाण्याची खोली लिहा. आणि बोंडं पूर्ण वाळायच्या आत तोडा, नाहीतर बी गळून गेलेलं असतं.

पंचगंगेकाठचा
मी पण येऊ का सड्यावर? मुलीला घेऊन. तारा तर गेलाच.